तिकडे आत्ता किती वाजले? परदेशी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावण्याआधी

३० ऑगस्ट २०२४, शुक्रवारची रात्र. गणपती आठ दिवसांवर आले होते. लालबागला माझ्या मित्राचं स्टिकर आणि बॅनरचं छोटं दुकान आहे, आणि त्या आठवड्यात मंडळांच्या ऑर्डरींनी ते गळ्यापर्यंत भरलेलं असतं. रात्री साडेबाराला कटिंग मशीनला जोडलेला कॉम्प्युटर बसला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकलं, तर ते लायसन्स मागायला लागलं. जुन्या कॉम्प्युटरवरचं लायसन्स फक्त कंपनीच सोडवून देऊ शकते, आणि कंपनी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात. मित्राने घड्याळाकडे बघितलं, "एवढ्या रात्री कोण फोन उचलणार?" म्हणाला, शटर ओढलं आणि घरी गेला.

त्या क्षणी मिनेसोटात शुक्रवारचे दुपारचे दोन वाजले होते. जेवून आलेली माणसं टेबलावर बसलेली होती आणि हेल्पलाइन अजून तीन तास चालू राहणार होती.

मी मशीदबंदरला एका आयात करणाऱ्या फर्ममध्ये आहे. परदेशी मशीनच्या सुट्या भागांसाठी बाहेर फोन लावणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ही चूक मी स्वतः किती वेळा केली आहे ते सांगत बसत नाही. नवीन माणसाला समजावं म्हणून मित्राचंच उदाहरण घेऊन, मी फोन लावण्याआधी काय काय बघतो ते क्रमाने लिहितो.

आधी कंपनीचं वेळापत्रक शोधा, आणि ते कोणाचं आहे ते बघा

कंपनीच्या वेबसाइटवर संपर्काच्या पानावर साधारण अशी एक ओळ असते: `Technical Support: Mon–Fri, 8 am–5 pm CT`. या ओळीत तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही लागतात. कोणता विभाग, कोणते वार-तास, आणि कुठलं घड्याळ.

विभागाकडे लोक दुर्लक्ष करतात. विक्रीचा विभाग शनिवारी चालू असतो आणि तांत्रिक मदतीचा बंद, असं सर्रास असतं. विक्रीवाली मुलगी गोड बोलते, तुमचा नंबर लिहून घेते आणि सोमवारी कळवते म्हणते. तेवढ्यासाठी आयएसडीचे पैसे गेले.

गूगल मॅप्सवर दिसणारं `Open` हा तर आणखी वेगळा प्रकार. ती वेळ त्या पत्त्यावरच्या जागेची असते, म्हणजे शोरूमची, गोदामाची किंवा ऑफिसच्या दाराची. मॅप्स त्या जागेच्या स्थानिक घड्याळानेच चालू-बंद ठरवतं, त्यामुळे वेळेचं गणित तरी चुकत नाही. पण दार उघडं आहे म्हणून फोनवर माणूस आहे असं होत नाही, आणि उलटही खरं आहे: दार बंद असताना फोन घेणारी माणसं घरून किंवा दुसऱ्या शहरातून काम करत असतात.

घड्याळाची अक्षरं दिली असतील तर तीच खरी धरा, पत्ता काहीही असो. अक्षरं नसतील तर पानाच्या तळाशी असलेल्या मुख्य ऑफिसच्या शहराचं घड्याळ धरून चला, बहुतेक वेळा तेच असतं. नंबरच्या सुरुवातीच्या कोडवरून शहर ओळखायचा प्रयत्न करू नका. फोन कुठेही वळवलेला असू शकतो.

त्यांची वेळ आपल्या वेळेत आणू नका, आपलं 'आत्ता' तिकडे न्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. माणूस कागदावर मांडतो: त्यांचे आठ म्हणजे आपले किती, पाच म्हणजे किती, मग पाच दुसऱ्या दिवशी जातात, मग वार कुठला... आणि शेवटी कंटाळून 'संध्याकाळी बघू' म्हणतो. याची गरजच नाही. एकच प्रश्न विचारा: या मिनिटाला तिकडे कुठला वार आहे आणि घड्याळात किती वाजले आहेत? उत्तर मिळालं की ते त्यांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. शुक्रवार, दुपारचे दोन. वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच. चालू आहे. झालं.

उत्तर मिळवायला फोन पुरेसा आहे. शोधात शहराचं नाव टाकून `time in Minneapolis` असं लिहा, किंवा फोनच्या घड्याळात जागतिक घड्याळाच्या पानावर ते शहर कायमचं जोडून ठेवा. लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांना टर्मिनलमध्येही ते एका ओळीत मिळतं:

```
TZ=America/Chicago date
```

मिनीॲपोलिस आणि शिकागो एकाच घड्याळावर चालतात, म्हणून इथे शिकागोचं नाव आहे. उत्तरात वारसुद्धा येतो, आणि मला तोच हवा असतो.

शोधताना शहराचं नाव टाका, अक्षरं नाहीत. ही अक्षरं फसवी आहेत. `CST` हे अमेरिकेच्या मध्य भागाचं हिवाळी घड्याळ, पण चीनचं प्रमाण घड्याळही तेच नाव लावतं. `IST` आपलं, तसंच इस्रायलचं आणि आयर्लंडचंही. शिवाय अमेरिकन कंपन्या सवयीने बाराही महिने `CST` किंवा `EST` लिहितात, उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असलं तरी. जुलैत एखाद्या पानावर `8–5 CST` दिसलं तर त्याचा अर्थ 'आमच्या भिंतीवरच्या घड्याळात आठ ते पाच' एवढाच घ्या. अक्षरशः हिवाळी वेळ धरलीत तर तासाभराने चुकाल. `CT` किंवा `ET` लिहिणारे त्या मानाने नीटनेटके, त्यात उन्हाळा-हिवाळा दोन्ही येतात.

नेट नसेल, लोकलमध्ये उभं राहून अंदाज घ्यायचा असेल, तर एक तोंडी हिशेब आहे. मिनीॲपोलिस उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं. साडेदहा वजा करत बसण्यापेक्षा दीड तास मिळवा आणि दिवसाची रात्र करा. रात्रीचे साडेबारा, अधिक दीड म्हणजे दोन, रात्रीचे दुपारचे करा: दुपारचे दोन. संध्याकाळचे सात, अधिक दीड म्हणजे साडेआठ, सकाळचे. हिवाळ्यात अंतर साडेअकरा तासांचं होतं, तेव्हा दीडऐवजी अर्धाच तास मिळवा. न्यूयॉर्कसाठी यापेक्षा एक तास जास्त मिळवायचा. कॅलिफोर्नियासाठी मात्र उलटं, उन्हाळ्यात अर्धा तास आणि हिवाळ्यात दीड तास वजा करून रात्रीचा दिवस करायचा.

लंडनसाठी तर गणितही नको. काट्याचं घड्याळ मनगटावर उलटं धरा. आपले तीन वाजलेले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात, आणि हिवाळ्यात लंडनमध्ये तेव्हा साडेनऊच वाजलेले असतात. अंतर बरोबर साडेपाच तासांचं आहे म्हणून ही गंमत जमते. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा.

वार कुठला आहे ते वेगळं तपासा

तास बरोबर काढून वार चुकवणारे लोक खूप बघितले. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजायच्या आत मिनीॲपोलिसमध्ये कालचीच तारीख असते. याचा परिणाम मजेशीर आहे. त्यांचा शुक्रवार आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेतीनला संपतो. म्हणजे आपला शनिवार उजाडण्याआधीचे तास कामाचे असतात, आणि आपला सोमवार संध्याकाळी साडेसहापर्यंत फुकट. सोमवारी सकाळी ऑफिसला पोचल्या पोचल्या अमेरिकेला फोन लावणारा माणूस तिकडच्या रविवारच्या रात्रीत फोन लावत असतो.

कॅलिफोर्नियाची कंपनी असेल तर मी पहाटेची वेळ वापरतो. हिवाळ्यात आपले सकाळचे सहा म्हणजे तिकडे आदल्या दिवशी दुपारचे साडेचार. मंगळवार ते शनिवार यातल्या कुठल्याही दिवशी सकाळी दूध येण्याच्या वेळेला फोन लावला तर माणूस भेटतो. रात्री दहापर्यंत जागत बसण्यापेक्षा मला ते बरं वाटतं, घरच्यांनाही.

बाकीच्या देशांबद्दल थोडक्यात. सिडनी आपल्या पुढे आहे, तिथलं पाच वाजता संपणारं ऑफिस आपल्याकडे ऋतूनुसार साडेअकरा किंवा साडेबाराला संपतं, तेव्हा जेवणानंतर फोन लावू म्हणालात तर गेलं. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी काम चालू. दुबईत २०२२ पासून सरकारी कार्यालयांची सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस. 'आखातात शुक्रवारी बंद' हे आपल्या डोक्यात बसलेलं वाक्य आता सगळीकडे चालत नाही.

आज त्यांची सुट्टी तर नाही?

मित्राच्या गोष्टीचा दुसरा अंक इथे येतो. शनिवारी दुपारी त्याने फोन लावला. मेनूवाल्या बाईने सगळे पर्याय वाचून दाखवले, एक दाबा, तीन दाबा, आणि शेवटी ऑफिस बंद असल्याचं सांगितलं. शनिवारी दुपारी दोनला तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते, त्यातून शनिवार. मग मला फोन आला. मी त्याला वेळेचं सगळं समजावलं आणि सोमवारी संध्याकाळी सातला लाव म्हणालो, तिकडे सकाळचे साडेआठ असतील.

सोमवार होता २ सप्टेंबर. त्याने बरोबर सातला लावला. पुन्हा तीच बाई, पुन्हा बंद. सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे अमेरिकेत लेबर डे, आणि ते माझ्या लक्षातच नव्हतं. आमच्याकडे त्या दिवशी पिठोरी अमावस्या होती, पण ती काही मिनेसोटाला ठाऊक नाही. दुकानातल्या पोराने तोवर दोन मंडळांची अक्षरं कटरने हाताने कापली होती, आणि त्याच्या बोटांना बांधलेल्या पट्ट्या बघून मला जरा अपराधी वाटलं.

तेव्हापासून मी तास आणि वार जुळले तरी त्या देशाचं नाव आणि `public holidays` असं शोधून त्या तारखेवर नजर टाकतो. अमेरिकेत खासगी कंपन्या बहुतेक सहा सुट्ट्या पाळतात: १ जानेवारी, मेमधला शेवटचा सोमवार, ४ जुलै, सप्टेंबरचा पहिला सोमवार, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आणि नाताळ. नोव्हेंबरच्या त्या गुरुवारनंतरचा शुक्रवारही पुष्कळ ऑफिसं बंद ठेवतात, आणि सुट्ट्यांच्या यादीत तो नसल्यामुळे फसायला होतं. काही सरकारी सुट्ट्यांना बँका बंद असतात पण कंपन्या चालू, म्हणून यादीत नाव दिसलं की लगेच बंद समजू नका. ब्रिटनमध्ये मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार सुट्टीचा. ऑगस्टचा शेवटचा सोमवार इंग्लंडमध्ये सुट्टी, पण स्कॉटलंडची सुट्टी ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी. जर्मनीत राज्याराज्यांच्या सुट्ट्या वेगळ्या, तेव्हा तिथे देश नाही, राज्य बघायचं.

सुट्टी शनिवारी आली तर अमेरिकेत ती सहसा आदल्या शुक्रवारी पाळतात. २०२६ मध्ये ४ जुलै शनिवारी आहे. अशा वेळी कंपनी वेबसाइटच्या माथ्यावर पट्टी लावते: `Closed 7/3`. आपला माणूस ती ७ मार्च वाचतो आणि 'जुनी पट्टी काढायची राहिली वाटतं' म्हणून सोडून देतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ती ३ जुलैची सूचना आहे.

फोन लावण्याआधी फुकटातला एक पुरावा

बऱ्याच कंपन्यांच्या पानावर कोपऱ्यात गप्पांची खिडकी असते. ती उघडून बघा. 'निरोप ठेवा, ईमेल द्या' असा फॉर्म आला तर बहुतेक आत कोणी नाही. माणसाशी बोलण्याचा पर्याय किंवा रांगेतला नंबर दिसला तर टेबलावर माणसं आहेत. आपोआप उत्तरं देणारी खिडकी चोवीस तास बोलते, तिच्या पहिल्या नमस्काराला पुरावा मानू नका, 'माणसाशी बोलायचं आहे' असं लिहा आणि मग काय होतं ते बघा.

फोन उचलला जाणं हा मात्र पुरावा नाही. यंत्र रात्री दोनलाही उचलतं आणि उचललं की आयएसडीचं मीटर चालू होतं. बंद असल्याची सूचना काही ठिकाणी पहिल्याच वाक्यात येते, काही ठिकाणी मित्रासारखी सगळा मेनू ऐकल्यावर. 'तुम्ही रांगेत आहात' असं ऐकू आलं तर थांबण्यात अर्थ आहे.

नंबरबद्दल दोन गोष्टी. `1-800`, `888`, `877` असे टोल-फ्री नंबर त्यांच्या देशातल्या लोकांसाठी असतात, मुंबईहून ते पुष्कळदा लागतच नाहीत, लागले तरी फुकट असतील असं नाही. नंबर लागला नाही म्हणजे ऑफिस बंद, असा निष्कर्ष त्यावरून काढू नका. त्याच पानावर साधा, शहराच्या कोडचा नंबर शोधा, बहुधा 'अमेरिकेबाहेरून' अशा अर्थाच्या ओळीत असतो, आणि पुढे `+1` लावून फिरवा. दुसरं म्हणजे नंबर शोधातून उचलू नका. मशीनच्या पुस्तिकेतून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. खोट्या हेल्पलाइन कधीच बंद नसतात.

आणि उघडल्या मिनिटाला फोन करू नका. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी तर नाहीच. शेवटच्या अर्ध्या तासातही टाळा, कारण रांग लांब असेल तर पाचच्या ठोक्याला ती तुटते. मित्राने मंगळवारी, ३ सप्टेंबरला, आमच्या रात्री साडेनऊला लावला. तिकडे सकाळचे अकरा. लांब विकेंडचा साचलेला लोंढा ओसरला होता. चौथ्या मिनिटाला माणूस आला, सिरीयल नंबर विचारला आणि लायसन्स मोकळं करून दिलं. गणपती यायला चार दिवस होते.

अंतर पाठ करण्याचा मोह

यानंतर मित्राने उत्साहाने दुकानात दुसरं घड्याळ टांगलं, मिनीॲपोलिसच्या वेळेवर लावलेलं, खाली स्टिकर कापून 'अमेरिका' असं लिहिलेलं. दिसायला झकास. पण आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही आणि त्यांचं हलतं. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. ब्रिटन आणि युरोप तेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतात, म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली असते आणि लंडन जुन्याच वेळेवर. ऑस्ट्रेलियात ऋतूच उलटे, तिथे घड्याळ ऑक्टोबरमध्ये पुढे जातं आणि एप्रिलमध्ये मागे, आणि क्वीन्सलँड राज्य ते हलवतच नाही. अमेरिकेतलं ॲरिझोनाही, थोडा भाग सोडला तर, बदलाच्या भानगडीत पडत नाही. मुंबईला हसायला जागा नाही म्हणा. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही या शहराने कित्येक वर्षं ३९ मिनिटं मागे चालणारा स्वतःचा 'बॉम्बे टाइम' सोडला नव्हता.

फोनमधलं शहराचं घड्याळ हे बदल स्वतः करतं. भिंतीवरचं करत नाही. ४ नोव्हेंबरला, सोमवारी संध्याकाळी, मित्राचा फोन आला. लायसन्सचं पुन्हा काहीतरी अडलं होतं, आता त्यांची कुठली सुट्टी आहे म्हणून विचारत होता. त्याच्या भिंतीवरच्या अमेरिकेत सव्वाआठ वाजले होते. मिनेसोटात सव्वासात. आदल्या दिवशी त्यांनी घड्याळं मागे केली होती. मी त्याला पाऊण तास थांबायला सांगितलं, आणि तेवढ्या वेळात स्टूलवर चढून 'अमेरिका' एक तास मागे करून घ्यायला.